आजोबांच्या फारसी पत्राचं मराठी करताना या चुका टाळा

ठाण्यात आणि वाशी-नेरूळकडे अशी बरीच इराणी घरं आहेत, जिथे नातवंडं मराठी शाळेत शिकली आणि फारसी आजोबांबरोबर संपली. कपाट आवरताना यझ्दहून आलेलं एखादं पत्र निघतं. ते कुणाकडून तरी वाचून घेतलं जातं आणि घरात नको ते समज पसरतात. मी अशी पत्रं मराठीत करून देतो. त्याच त्या चुका इतक्या वेळा दुरुस्त केल्या आहेत की आता त्या लिहूनच काढतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे उर्दू येणाऱ्याकडून फारसी पत्राचा अर्थ लावून घेणं. लिपी जवळपास तीच, त्यामुळे मुंब्र्यात उर्दू उत्तम वाचणारे कुणी ओळखीचे असले की पत्र त्यांच्याकडे जातं. ते मजकूर खडाखडा वाचतात, आणि तिथेच फसगत होते. वाचता येणं आणि समजणं यात फरक आहे. दोन्ही भाषांत असलेल्या शब्दांचे अर्थ बदललेले असतात आणि वाचणाऱ्याला त्याचा संशयही येत नाही.

नौपाड्यातल्या एका कुटुंबाचं उदाहरण देतो. आजोबांनी यझ्दहून मुंबईतल्या थोरल्या भावाला लिहिलेलं पत्र होतं. आजोबांचा मुलगा, म्हणजे आत्ताच्या पिढीचे वडील, तेव्हा त्या काकांच्या बेकरीत कामाला होता. पत्रात एक वाक्य होतं: ‘बंदेजादे दर गुर्बत जुज साये-ए-हजरत-ए-आली कसी नदारद.’ याचं मराठी त्यांना असं मिळालं होतं: ‘गुलामाचा मुलगा गरिबीत आहे, त्याला साहेबांच्या सावलीशिवाय कोणी नाही.’ घरात खळबळ उडाली. आपण कुणा गुलामाच्या वंशातले, ही गोष्ट आजवर लपवली का, इथपर्यंत बोलणं गेलं. घरातल्या थोरल्या आत्यांनी तर ते पत्र पुन्हा कुणाला दाखवायचंच नाही असं सांगून टाकलं.

आता हेच वाक्य नीट पाहा. दरबारी रीतीच्या पत्रात लिहिणारा स्वतःला ‘बंदे’ म्हणतो, म्हणून ‘बंदेजादे’ म्हणजे सरळ ‘माझा मुलगा’. समोरच्याच्या मुलाला ‘आगाजादे’ म्हणतात. ‘गुर्बत’ म्हणजे फारसीत परमुलूख, आपल्या माणसांपासून लांब असणं. गरिबी हा अर्थ हिंदुस्थानातला. ‘हजरत-ए-आली’ म्हणजे आपण, पत्र वाचणारे थोरले बंधू. आणि ‘साया’ला आपल्याकडे छत्र म्हणतात. मी केलेलं मराठी असं: ‘माझ्या मुलाला त्या परक्या मुलखात आपल्या छत्राखेरीज कुणाचा आधार नाही.’ एका बापाने भावाला केलेली ही विनंती आहे. ती ऐकल्यावर आत्याबाईंनी स्वतःहून पत्राच्या झेरॉक्स काढून सगळ्या भावंडांना पाठवल्या.

त्याच पत्रात पुढे होतं, ‘तकलीफ-ए-आब-ओ-मिल्क रा मालूम फरमाईद.’ आधीच्या वाचनात ते ‘पाण्याची आणि जमिनीची तकलीफ कळवावी’ असं झालं होतं. म्हणजे मुंबईत पाण्याचे हाल आहेत का, असं आजोबा विचारताहेत, हा समज. पण फारसीत ‘तकलीफ’ म्हणजे कर्तव्य, आणि ‘एखाद्या गोष्टीची तकलीफ मालूम करणं’ म्हणजे तिचा काय तो निर्णय लावणं. यझ्दकडची शेती कनातीच्या, म्हणजे जमिनीखालून आणलेल्या पाटाच्या पाण्यावर चालायची आणि त्या पाण्यातला वाटा ही जमिनीपासून वेगळी मालमत्ता असायची. वेगळी विकता येणारी, वेगळी वारशाने जाणारी. तेव्हा वाक्याचा अर्थ: ‘पाण्याचा वाटा आणि जमीन यांचं काय करायचं ते आपण ठरवावं.’ पत्र मुळात यासाठीच लिहिलेलं होतं, आणि घरात तेवढंच कुणाला कळलं नव्हतं.

दुसरी चूक याच्या उलट आहे. पत्रातला रिवाज हीच बातमी समजून लोक हळवे होतात. ‘मलाली नीस्त जुज दूरी-ए-शुमा’, म्हणजे ‘आपल्या दुराव्याखेरीज कसलं दुःख नाही’, हे वाक्य वाचून आजोबा किती एकाकी होते असं सांगणारे मला नेहमी भेटतात. आजोबा एकाकी असतीलही, पण हे वाक्य त्याचा पुरावा नव्हे. ते हजारो पत्रांत आहे. आपल्या जुन्या पत्रांतल्या ‘इकडील कुशल, तिकडील कुशल कळवावे’ या ओळीच्या जागी ते येतं. ‘कुर्बानत गर्दम’ आणि ‘तसद्दुकत शवम’ यांचाही शब्दशः ‘तुझ्यावरून ओवाळून टाकला जावो’ असा अनुवाद करत बसू नये. थोरल्याला लिहिलं असेल तर ‘शिरसाष्टांग नमस्कार’, धाकट्याला असेल तर ‘अनेक आशीर्वाद’. मराठी पत्राला स्वतःचे मायने आहेत, ते वापरायला लाजू नका.

माझी सवय अशी: आधी पत्राची झेरॉक्स काढतो आणि पेन्सिलने ‘बारी’ हा शब्द शोधतो. बारी म्हणजे ‘असो’. त्याच्या आधी बहुतेक सगळा मायना असतो, त्याच्यानंतर मजकूर सुरू होतो. जुन्या पत्रांत परिच्छेद नसतात, विरामचिन्हंही क्वचित. त्यामुळे ‘दीगर आंके’, म्हणजे ‘दुसरं असं की’, जिथे जिथे येईल तिथे रेघ मारतो. एकेका रेघेपाशी नवा विषय. शेवटी ‘जियादे अर्जी नीस्त’ आलं की मजकूर संपला, आपलं ‘कळावे, लोभ असावा’. घाईत असलेले नवे लोक पहिल्या ओळीपासून शब्दकोश उघडून बसतात. मायन्यातच दमतात आणि मधल्या कामाच्या ओळी उरकून टाकतात. मला याचा खरोखर राग येतो, कारण आजोबांना जे सांगायचं होतं ते त्या मधल्या ओळींतच असतं.

‘बे अर्ज मी-रसानद’ याचा ‘तो कळवतो’ असा अर्थ घेऊन पत्र भलत्यानेच लिहिलं असं ठरवू नका. अदबीने स्वतःबद्दल तृतीयपुरुषी लिहिलेलं असतं.

‘मंजिल सलाम मी-रसानद’ म्हणजे घरातून, अर्थात बायकोकडून, सलाम. आपल्याकडेही ‘कुटुंब’ म्हणायचे.

कागद संपला की आडव्या समासात, कधी उलट्या बाजूनेही लिहिलेलं असतं. फोटो काढताना समास कापू नका. आणि पत्र लॅमिनेट तर मुळीच करू नका.

तारखेचं मात्र नीट सांगायला हवं. नौपाड्याच्या पत्रावर ‘मेहर १३३५’ होतं. आधीच्या वाचकाने ‘मेहर’ म्हणजे मेहेरबानी समजून शब्द सोडून दिला आणि १३३५ हे चांद्र हिजरी साल धरलं. ते येतं इसवी सन १९१६-१७. वडिलांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता, म्हणून हे पत्र पणजोबांचं असं घरच्यांनी ठरवलं. पण मेहर हा इराणी सौर वर्षाचा महिना आहे, साधारण २३ सप्टेंबर ते २२ ऑक्टोबर. इराणात ही महिन्यांची नावं १९२५ पासून सरकारी झाली. या सालात ६२१ मिळवायचे, वर्षाच्या शेवटच्या जानेवारी ते मार्च या भागासाठी ६२२. म्हणजे हे पत्र १९५६ च्या शरदातलं. महिना मोहरम, सफर, रमजान यांतला असेल तर साल चांद्र. फरवर्दीन, तीर, मेहर, आबान असेल तर सौर. हमल, जौजा, सरतान अशी राशींची नावं दिसली तर तेही सौरच, पण बहुधा १९२५ च्या आधीचं. महिना वाचल्याशिवाय साल लिहू नका. महिना लागत नसेल तर पत्रातलं साल आहे तसंच ठेवा आणि इसवी सनाची जागा कोरी सोडा.