५०० दिवस म्हणजे किती आठवडे? वेळापत्रक मांडताना या चुका टाळा

रावेर-सावदा पट्ट्यात केळीसाठी शीतगृह उभं करायचं आहे, असं समजा. वर्क ऑर्डरमध्ये लिहिलंय, 'पावसाळा धरून ५०० दिवस'. साइटवर मात्र दिवसांच्या हिशेबात कोणी बोलत नाही. मजुरांचा हप्ता आठवड्याला, सिमेंटची मागणी आठवड्याला, साहेबांची बैठकही आठवड्याला. त्यामुळे पहिलं काम म्हणजे ५०० दिवसांचे आठवडे करणं. भागाकार चौथीतला आहे, तरीही वेळापत्रकं इथेच बिघडतात.

सगळ्यात जास्त घोळ कॅल्क्युलेटरवर होतो. ५०० भागिले ७ केलं की ७१.४२८५७१ असा आकडा येतो. बरेच जण तो '७१ आठवडे ४ दिवस' असा वाचतात. पण दशांश चिन्हानंतरचा ४ हा दिवसांचा आकडा नाही, तो आठवड्याचा दशांश आहे. ७१ आठवडे म्हणजे ४९७ दिवस. ५०० मधून ते वजा केले की बाकी ३ उरते. म्हणून बरोबर उत्तर ७१ आठवडे ३ दिवस.

ही चूक वर्षानुवर्षं टिकून राहते, कारण ती दर वेळी उघडी पडत नाही. बाकी १ असेल तर दशांशात .१४ येतं, बाकी २ असेल तर .२८. पहिला अंक योगायोगाने बरोबर निघतो आणि माणसाला वाटतं, आपली रीत बरोबर आहे. बाकी ३ झाली की .४२ येतं आणि एका दिवसाचा फरक पडतो. बाकी ४ ला .५७, म्हणजे ४ ऐवजी ५ दिवस. बाकी ५ ला .७१ येतं, ते कोणी '७ दिवस' वाचलं, तर त्याचा अख्खा आठवडाच होतो आणि दोन दिवस हवेतून येतात. बाकी ६ ला .८५ येतं. आठवड्यात ८ दिवस दिसले की मगच माणूस थबकतो.

यातून एक उपयोगी खूण मिळते. पूर्ण दिवसांच्या आकड्याला ७ ने भागलं आणि बाकी उरली, तर दशांशाची सुरुवात .१४, .२८, .४२, .५७, .७१ किंवा .८५ यांपैकीच एकाने होते. स्क्रीनवर .३५ किंवा .६० दिसलं, तर आकडा टाकतानाच गडबड झाली आहे असं समजा. दशांशावरून दिवस काढायचे असतील तर त्या भागाला ७ ने गुणा आणि जवळचा पूर्ण आकडा घ्या. पडताळाही एका ओळीचा आहे: आठवडे गुणिले ७, अधिक बाकी, बरोबर मूळ दिवस. बाकी ७ किंवा त्याहून जास्त असूच शकत नाही.

शीटवर करत असाल तर A2 मध्ये दिवस ठेवून ही दोन सूत्रं पुरतात:

```
=QUOTIENT(A2,7)
=MOD(A2,7)
```

पहिल्यातून पूर्ण आठवडे मिळतात, दुसऱ्यातून बाकी. यांच्या जागी नुसतं `=A2/7` लिहून दशांश लपवले, तर ४९५ दिवसांसमोर ७१ आठवडे दिसतात. खरे असतात ७० आठवडे ५ दिवस. बाकी ४ किंवा जास्त असली की शीट आकडा वर ढकलते आणि ३ किंवा कमी असली की खाली. बघणाऱ्याला काहीच कळत नाही.

दुसरी चूक काम टप्प्यांत विभागताना होते, आणि माझ्या मते ती जास्त महागात पडते. समजा पायाला ४५ दिवस, कॉलम आणि स्लॅबला ११०, बांधकाम-प्लास्टरला १६० आणि थंडाव्याची यंत्रणा व फिनिशिंगला १८५ दिवस दिले. बेरीज ५००. प्रत्येकाचे वेगळे आठवडे केले, तर ६ आठवडे ३ दिवस, १५ आठवडे ५ दिवस, २२ आठवडे ६ दिवस आणि २६ आठवडे ३ दिवस होतात. आता कोणी 'वरचे दिवस कशाला लिहायचे' म्हणून ते सोडून दिले, तर उरतात ६९ आठवडे, म्हणजे ४८३ दिवस. हातातले १७ दिवस कागदावरून गायब. कोणी प्रत्येक टप्पा पुढच्या पूर्ण आठवड्यापर्यंत नेला, तर ७३ आठवडे, म्हणजे ५११ दिवस होतात आणि मुदत ११ दिवसांनी ओलांडली जाते. बेरीज दिवसांतच करावी आणि आठवडे शेवटी काढावेत. आठवड्यांतच बेरीज करायची वेळ आली, तर वरच्या १७ दिवसांचे २ आठवडे ३ दिवस करून ते पुढे न्यावेत. ६९ आणि २, म्हणजे पुन्हा ७१ आठवडे ३ दिवस.

आता सुट्टीचा वार. ५०० दिवस हे कॅलेंडरचे आहेत, कामाचे नाहीत. आपल्याकडे बऱ्याच साइटवर रविवारी काम चालतं आणि गावच्या बाजाराच्या दिवशी हप्ता वाटून सुट्टी दिली जाते. धरा की बाजार मंगळवारी आहे आणि काम सोमवारी, ६ ऑक्टोबर २०२५ ला सुरू झालं. ७१ आठवड्यांत ७१ मंगळवार आलेच. उरलेले ३ दिवस म्हणजे सोमवार, मंगळवार, बुधवार. त्यात आणखी एक मंगळवार आला. सुट्ट्या ७२, कामाचे दिवस ४२८. सुट्टी रविवारची असती तर बाकीत रविवार आला नसता आणि कामाचे दिवस ४२९ झाले असते. म्हणून बाकी किती एवढंच लिहून भागत नाही, त्या दिवसांचे वारही लिहावे लागतात.

या ४२८ ला परत ७ ने भागणं ही सर्रास दिसणारी चूक आहे. त्यातून ६१ आठवडे १ दिवस येतात आणि दहा आठवडे हरवतात. कामाचा आठवडा ६ दिवसांचा, म्हणून भागायचं ६ ने: ७१ आठवडे आणि कामाचे २ दिवस. तेच ते सोमवार आणि बुधवार.

शेवटची तारीख काढताना पहिला दिवस धरला की नाही, हे आधी ठरवा. ६ ऑक्टोबर हाच पहिला दिवस असेल, तर ५०० वा दिवस बुधवारी, १७ फेब्रुवारी २०२७ ला येतो. शीटमध्ये B2 मध्ये सुरुवातीची तारीख असेल तर `=B2+A2-1`. मोजणी दुसऱ्या दिवसापासून असेल तर १ वजा करू नका, मुदत गुरुवारी १८ ला संपेल. करारातलं वाक्य संदिग्ध असेल तर काम सुरू होण्याआधीच लेखी विचारून घ्या.

राहिले सण. या मुदतीत होळी एकदा येते, आखाजी एकदा, पण दिवाळी दोनदा. सातपुड्यातले मजूर होळीला घरी जातात, भोंगऱ्याचा बाजार त्याच्याही आधी असतो. ते दिवस ४२८ मधून वजा करा, ५०० मधून नाही, कारण त्यांच्यासाठी मुदत सरकत नाही. आणि मंगळवार दोनदा कापू नका. मजूर सलग १० दिवस गेले, तर ते झाले १ आठवडा ३ दिवस. आठवड्यात एक मंगळवार नक्की असतो. वरच्या तीन दिवसांत आणखी एक असेल तर कामाचे ८ दिवस बुडाले, नसेल तर ९.