नाटकासारखी टाइप केलेली संहिता पटकथेच्या मांडणीत आणताना या चुका टाळा

लेखक फाइल पाठवतो तेव्हा ती बहुतेक वेळा अशी असते:

```
सीन ४ - अण्णांचं घर
सुनीता: अण्णा, जेवलात का?
अण्णा (न बघता): भूक नाही.
स्वतः उठून ती ताट उचलते. तिला आई आठवते. मग बस स्टँडवर जाते.
गौरवः आलीस? दु:खी दिसतेस.
```

वाचायला काही अडचण नाही. नाटकाची तालीम यावर आरामात होईल. पण दिग्दर्शकाच्या असिस्टंटला यावरून शूटिंगचं शेड्यूल करायचं असतं, आणि तिथे हे पान अडतं. म्हणून कोणीतरी ते पटकथेच्या साच्यात बसवायला घेतो, आणि पहिली चूक तिथेच होते: तो स्पेसबार दाबत सुटतो.

साच्याची मापं ठरलेली आहेत. कागदाच्या डाव्या कडेपासून दीड इंचावर सीनचं शीर्षक आणि वर्णन, अडीच इंचावर संवाद, साधारण ३.७ इंचावर पात्राचं नाव. ही जागा स्पेस मारून भरली, की फॉन्ट बदलताच सगळी पात्रं इकडेतिकडे सरकतात. वर्डमध्येच काम करायचं असेल तर वर्णन, पात्र आणि संवाद यांच्या तीन वेगळ्या स्टाइल करा आणि इंडेंट त्यात घाला. मी मात्र साध्या मजकुरात फाउंटन या पटकथा लिहिण्याच्या पद्धतीच्या खुणा टाकतो आणि फाइल पटकथेच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो. मापं ते सांभाळतं.

फाउंटनमध्ये मराठीची एक गोची आहे. आधी रिकामी ओळ आणि पूर्ण ओळ कॅपिटल अक्षरांत असली, की ते पात्राचं नाव समजलं जातं. देवनागरीत कॅपिटल अक्षरंच नाहीत. त्यामुळे ‘सुनीता’ हे कुठे वर्णन समजलं जातं, तर कुठे वर्णनाची छोटी ओळ पात्र होऊन बसते. उपाय सोपा आहे: प्रत्येक नावाआधी `@` लावा. सीनच्या शीर्षकाला `INT.` किंवा `EXT.` असेल तर ते आपोआप ओळखलं जातं. ‘अंतर्गत’ किंवा ‘बाह्य’ असं मराठीत लिहायचं असेल तर ओळीच्या सुरुवातीला नुसतं टिंब द्या.

शंभर पानांत `@` हाताने कोण लावणार? म्हणून माणूस शोधा-बदला वापरतो, आणि खरी मजा इथे होते. ‘कोलनच्या आधी जे असेल ते पात्र’ असा नियम दिला, की ‘गौरवः’ निसटतो, कारण टाइप करणाऱ्याने तिथे कोलनऐवजी विसर्ग मारलाय. दिसायला दोन्ही सारखेच. मग नियमात विसर्गही घातला, तर ‘स्वतः उठून ती ताट उचलते’ या ओळीतून ‘स्वत’ नावाचं नवं पात्र जन्माला येतं आणि ‘उठून ती ताट उचलते’ हा त्याचा संवाद होतो. ओळीची सुरुवात ‘दु:ख’ने झाली तर ‘दु’ हेही पात्र. म्हणून सरसकट नियम नको. आधी पात्रांची यादी करा आणि फक्त तीच नावं शोधा. व्हीएस कोड या टेक्स्ट एडिटरमध्ये रेगेक्सचं, म्हणजे नमुना देऊन शोधण्याचं, बटण चालू करून दोन फेऱ्या माराव्या लागतात. पहिली, नावापुढे कंस असलेल्या ओळींसाठी:

```
शोधा: ^(सुनीता|अण्णा|गौरव)\s*(\([^)]*\))\s*[:ः]\s*
बदला: \n@$1\n$2\n
```

दुसरी, उरलेल्यांसाठी:

```
शोधा: ^(सुनीता|अण्णा|गौरव)\s*[:ः]\s*
बदला: \n@$1\n
```

दोन्ही एकाच फेरीत उरकायचा मोह होतो. तसं केलं की ज्या ओळीत कंस नाही तिथे नाव आणि संवाद यांच्यामध्ये रिकामी ओळ पडते. फाउंटनमध्ये नावाखाली रिकामी ओळ आली, की संवाद तुटला आणि पुढचं वाक्य वर्णनात गेलं.

याच्या उलट चूक जास्त फसवी आहे, कारण ती पानावर डोळ्यांत भरत नाही. वरच्या नमुन्यात ‘भूक नाही’च्या लगेच खाली वर्णनाची ओळ आहे, मध्ये रिकामी जागा नाही. सॉफ्टवेअर तीही अण्णांच्याच तोंडी घालतं. या रिकाम्या ओळी हातानेच द्याव्या लागतात. ओळ संवादाची आहे की वर्णनाची, हे वाचल्याशिवाय कळत नाही. लांबलचक कंसांचंही तेच. ‘न बघता’ कंसात शोभतं. ‘उठतात, खिडकीपाशी जातात, पुन्हा येऊन बसतात’ हे वर्णन आहे. ते बाहेर काढायचं आणि त्यानंतर पुन्हा `@अण्णा`.

खुणा लागल्या म्हणजे काम झालं असं मात्र नाही. ‘सीन ४ - अण्णांचं घर’ यात घराचा कोणता भाग, दिवस की रात्र, हे नाहीच. आणि ‘मग बस स्टँडवर जाते’ या चार शब्दांत अख्खं युनिट हलवावं लागणार आहे. जागा बदलली किंवा वेळ बदलली, की नवं शीर्षक. जागेचं नाव एकदा ठरलं की तेच ठेवायचं. एकदा ‘अण्णांचं घर’, पुढे ‘वाडा’ आणि नंतर ‘सुनीताचं माहेर’ असं लिहिलं, तर शूटिंगसाठी सीनवार काढलेल्या यादीत, म्हणजे ब्रेकडाउनमध्ये, तीन लोकेशन दिसतात आणि कोणीतरी तिन्ही शोधायला निघतो.

‘तिला आई आठवते’ याचं काय करायचं? कॅमेऱ्याला आठवण दिसत नाही. मी अशा ठिकाणी स्वतःहून काही घुसडत नाही, लेखकाला फोन करतो. त्याने सांगितलं, भिंतीवर फोटो आहे, हार सुकलाय. तसंच शीर्षकाला लागून लगेच संवाद सुरू झाला तर कोण कुठे बसलंय हे कळत नाही, तेही त्यालाच विचारलं. शेवटी पान असं झालं:

```
INT. अण्णांचं घर - स्वयंपाकघर - रात्र

अण्णा पेपर वाचतायत. समोर झाकलेलं ताट. सुनीता दारात.

@सुनीता
अण्णा, जेवलात का?

@अण्णा
(न बघता)
भूक नाही.

सुनीता ताट उचलते. भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे नजर जाते. हार सुकलाय.

EXT. बस स्टँड - रात्र

रिकामा फलाट. गौरव बाकावर. सुनीता येते.

@गौरव
आलीस? दु:खी दिसतेस.
```

‘दु:खी’मधला कोलन मी मुद्दाम तसाच ठेवलाय. तो ओळीच्या मध्ये आहे, त्यामुळे नावांची यादी वापरल्यावर त्याला धक्का लागत नाही. नंतर शुद्धलेखन तपासताना विसर्ग करा.

एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट, हा हिशेब मात्र या फाइलवर लावू नका. तो १२ पॉइंटच्या कुरिअर फॉन्टवर बेतलेला आहे आणि कुरिअरमध्ये देवनागरी अक्षरं नाहीत. सॉफ्टवेअर गुपचूप दुसरा फॉन्ट उचलतं, ओळींची उंची बदलते, आणि तीच पटकथा एका मशीनवर वेगळ्या पानांची, दुसऱ्यावर वेगळ्या पानांची होते. मिनिटं हवी असतील तर घड्याळ लावून मोठ्याने वाचा. फाइल कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर हे सगळं करण्याआधी ती युनिकोडमध्ये आणा, नाहीतर शोधा-बदलाला एकही नाव सापडणार नाही.

फाइल पाठवण्याआधी सॉफ्टवेअरमधली पात्रांची यादी उघडून बघा. ‘अण्णा’ आणि ‘आण्णा’ दोन्ही दिसले तर टायपिंगची चूक. ओळखीचं एखादं नाव यादीत नसेल तर त्याचे संवाद वर्णनात गेलेत. आणि यादीत ‘स्वत’ भेटला, तर कोणीतरी सरसकट नियम चालवलाय.