लास्पेअर आणि पाश्चे: भारित किंमत निर्देशांकाचे गणित कसे सोडवावे

निर्देशांकाच्या गणितात बहुतेकांचे गुण शेवटच्या भागाकारात जातात. रकाने नीट भरलेले असतात, चारही बेरजा बरोबर असतात, आणि मग एका बेरजेला भलत्याच बेरजेने भागले जाते. सूत्र पाठ असूनही हे घडते, कारण p आणि q खालचे ० आणि १ हे आकडे आठवणीत अदलाबदल होतात. त्या आकड्यांमागचा प्रश्न कळला की सूत्र आठवावे लागत नाही, लिहिता लिहिता तयार होते. म्हणून आधी प्रश्न समजून घेऊ.

किंमत निर्देशांक म्हणजे दोन बिलांची तुलना. वाण्याकडून आणलेल्या सामानाची एक यादी घ्या. तीच यादी जुन्या भावाने किती रुपयांची झाली असती आणि आजच्या भावाने किती रुपयांची होते, हे दोन आकडे काढा. दुसऱ्याला पहिल्याने भागा आणि १०० ने गुणा. दोन्ही बिलांत यादी एकच हवी, बदलतील ते फक्त भाव. यादी बदलली तर बिल भावामुळे वाढले की जास्त सामान आणल्यामुळे, हे सांगता येणार नाही.

मग यादी कोणाची घ्यायची? जर्मन अर्थशास्त्रज्ञ एतिएन लास्पेअर यांनी १८७१ मध्ये आधार वर्षाची, म्हणजे ज्या जुन्या वर्षाशी तुलना करायची त्याची, यादी घेतली. १८७४ मध्ये हेर्मान पाश्चे यांनी चालू वर्षाची घेतली. दोन्ही सूत्रांत फरक आहे तो एवढाच. यादीतले नग, किलो किंवा लिटर म्हणजेच भार, आणि ते q ने दाखवतात. भाव p ने दाखवतात. ० म्हणजे आधार वर्ष, १ म्हणजे चालू वर्ष, आणि Σ म्हणजे सगळ्या वस्तूंची बेरीज.

लास्पेअर: P₀₁ = (Σp₁q₀ ÷ Σp₀q₀) × १००

पाश्चे: P₀₁ = (Σp₁q₁ ÷ Σp₀q₁) × १००

सूत्र लिहून झाले की फक्त q कडे पाहा. अंशात आणि छेदात q खालचा आकडा सारखाच असला पाहिजे. p मात्र वर १ आणि खाली ० असाच राहतो, लास्पेअर असो वा पाश्चे. ही खूण मनात पक्की असेल तर अदलाबदल होत नाही.

एक घर, चार वस्तू

आता एका घराच्या महिन्याच्या किराण्याचे उदाहरण घेऊ. आकडे गणितापुरते घेतले आहेत, पण त्यातली गोष्ट आपल्या स्वयंपाकघरातलीच आहे: तूरडाळ फार महागली, तेव्हा घराने तूर कमी केली आणि मूगडाळ वाढवली. भाव किलोचे, तेलाचा लिटरचा.

| वस्तू | p₀ | q₀ | p₁ | q₁ |
|---|---|---|---|---|
| तांदूळ | ४० | १० | ४८ | १० |
| तूरडाळ | ८० | ५ | १५० | २ |
| मूगडाळ | १०० | २ | ११० | ५ |
| तेल | १०० | ५ | १३० | ५ |

पहिली पायरी प्रश्नपत्रिकेतले रकाने ओळखण्याची. तिथे कधी किंमत आधी असते, कधी परिमाण, आणि कधी किमतीऐवजी एकूण खर्च दिलेला असतो. खर्च दिला असेल तर त्याला परिमाणाने भागून आधी किंमत काढा. हे नीट झाले की प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर p₀, q₀, p₁, q₁ असे स्वतःच्या हाताने लिहा. पाच सेकंदांचे काम आहे, पण पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

दुसरी पायरी गुणाकारांची. चार नवे रकाने आखा.

| वस्तू | p₀q₀ | p₁q₀ | p₀q₁ | p₁q₁ |
|---|---|---|---|---|
| तांदूळ | ४०० | ४८० | ४०० | ४८० |
| तूरडाळ | ४०० | ७५० | १६० | ३०० |
| मूगडाळ | २०० | २२० | ५०० | ५५० |
| तेल | ५०० | ६५० | ५०० | ६५० |
| बेरीज | १५०० | २१०० | १५६० | १९८० |

रकाने मी मुद्दाम या क्रमाने आखले आहेत. पहिले दोन जुन्या यादीचे, पुढचे दोन नव्या यादीचे. त्यामुळे शेजारशेजारच्या बेरजाच एकमेकींना भागायच्या असतात, उजवी वर आणि डावी खाली.

लास्पेअर = २१०० ÷ १५०० × १०० = १४०

पाश्चे = १९८० ÷ १५६० × १०० = १२६.९२

अर्थ लिहिल्याशिवाय उत्तर संपवू नका. जुनीच यादी आणायची ठरवली तर घराला ४० टक्के जास्त पैसे लागतील, हे लास्पेअर सांगतो. आज घरात जी यादी येते ती जुन्या भावांच्या मानाने सुमारे २७ टक्के महाग पडते, हे पाश्चे सांगतो. भाव दोन्हीकडे तेच आहेत, तरी १३ अंकांचा फरक पडला. तो सगळा डाळींतून आला, कारण तांदूळ आणि तेल यांची परिमाणे बदललेलीच नाहीत. तुरीचा भाव ८० वरून १५० झाला, म्हणजे १०० चा १८७.५. जुन्या यादीत तूर ५ किलो आहे, म्हणून त्या उडीचा पूर्ण धक्का लास्पेअरला बसतो. नव्या यादीत ती २ किलोच उरली, म्हणून पाश्चेला तो कमी जाणवतो.

लोक महागलेल्या वस्तूकडून स्वस्त पर्यायाकडे वळतात, तेव्हा लास्पेअर पाश्चेपेक्षा मोठा येतो. साधारण परीक्षेतली उदाहरणे अशीच असतात. पण हा नियम नाही. महाग झालेल्या वस्तूचीच मागणी वाढली, उदाहरणार्थ उत्पन्न किंवा आवड बदलल्यामुळे, तर पाश्चे मोठा येऊ शकतो. म्हणून फक्त तो मोठा आला एवढ्यावरून उत्तर खोडू नका. प्रत्येक वस्तूचे परिमाण सारख्याच पटीत बदलले असेल, किंवा प्रत्येकीचा भाव सारख्याच पटीत वाढला असेल, तर दोन्ही उत्तरे तंतोतंत सारखी यायला हवीत. तसे दिसले तर घाबरायचे कारण नाही.

बरोबर वाटणारे चुकीचे उत्तर

सगळ्यांत जास्त आढळणारी चूक म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या बेरजेचा भागाकार: १९८० ÷ १५०० × १०० = १३२. ही चूक पकडणे अवघड आहे, कारण १३२ हा आकडा १२६.९२ आणि १४० यांच्या मधोमध बसतो आणि अगदी शहाण्यासारखा दिसतो. तो खोटाही नाही, पण वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. घराचा प्रत्यक्ष खर्च १५०० वरून १९८० झाला, म्हणजे ३२ टक्के वाढला. याला मूल्य निर्देशांक म्हणतात, आणि त्यात भाव आणि परिमाण दोन्ही बदललेले आहेत. q खालचे आकडे पाहिले असते तर वर १ आणि खाली ० दिसले असते, आणि चूक तिथेच लक्षात आली असती.

दुसरी चूक एककांची. भाव किलोचा आणि परिमाण ग्रॅममध्ये दिले असेल तर त्या एका ओळीचा गुणाकार हजार पटींनी फुगतो आणि तीच वस्तू सगळा निर्देशांक ठरवते. बेरजेत एखादी ओळ बाकीच्यांना गिळून टाकते आहे असे वाटले, तर एकक तपासा.

परिमाण न देता टक्के दिले असतील तर

काही प्रश्नांत q₀ नसतेच. त्याऐवजी प्रत्येक वस्तूवर खर्चाचा किती वाटा जातो ते ‘भार’ म्हणून दिलेले असते. तेव्हा आधी प्रत्येक वस्तूचा किंमत सापेक्षांक काढा, म्हणजे p₁ ÷ p₀ × १००. आपल्या उदाहरणात ते तांदळाचे १२०, तुरीचे १८७.५, मुगाचे ११० आणि तेलाचे १३० येतात. त्यांना आधार वर्षातल्या खर्चाने, म्हणजे p₀q₀ ने गुणा: ४८,००० + ७५,००० + २२,००० + ६५,००० = २,१०,०००. याला १५०० ने भागले की १४०. उत्तर लास्पेअरचेच आले, कारण p₁/p₀ ला p₀q₀ ने गुणल्यावर p₀ कटून p₁q₀ उरते.

इथे किलोने गुणायचा मोह होतो. १२०, १८७.५, ११० आणि १३० यांना १०, ५, २ आणि ५ ने गुणून बेरजेला २२ ने भागले तर १३६.७० येते, आणि ते चुकीचे आहे. किलो आणि लिटर एकत्र मिळवून २२ ‘काय’ झाले, याला उत्तर नाही. सापेक्षांकाला भार रुपयांचा लागतो आणि थेट भावाला भार परिमाणाचा लागतो, एवढे लक्षात ठेवा.

खरे निर्देशांक याच पद्धतीने तयार होतात. २०१२ हे आधार वर्ष असलेल्या भारताच्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या मालिकेत भार २०११-१२ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीतून घेतले होते, आणि ग्रामीण-शहरी एकत्रित मालिकेत अन्न व पेये या गटाचा भार ४५.८६ टक्के होता. लास्पेअरची पद्धत वापरण्याचे कारण व्यवहाराचे आहे. पाश्चेसाठी दर महिन्याला घरोघरी ‘या महिन्यात किती आणले’ हे विचारावे लागले असते. लास्पेअरमध्ये ते एकदा विचारले की पुढे बाजारातून फक्त भाव गोळा करायचे. याची किंमत अशी की यादी जुनी होत जाते. घरांनी आपला खर्च बदलला तरी निर्देशांक जुन्याच यादीला धरून राहतो, आणि म्हणून काही वर्षांनी आधार वर्ष बदलावे लागते.

पाश्चेचे सर्वांत परिचित उदाहरण जीडीपी डिफ्लेटर. चालू किमतींचे जीडीपी भागिले स्थिर किमतींचे जीडीपी, गुणिले १००. वर Σp₁q₁ आहे आणि खाली Σp₀q₁. देशाने या वर्षी जे उत्पादन केले तीच यादी, एकदा आजच्या आणि एकदा आधार वर्षाच्या भावाने मांडलेली. तिथे हे शक्य होते, कारण राष्ट्रीय उत्पन्न मोजताना चालू वर्षाचे उत्पादन काढलेच जाते.

प्रश्नात फिशरचा निर्देशांकही मागितला असेल तर नवे काही मांडावे लागत नाही. १४० आणि १२६.९२ यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ घ्या: १३३.३०. सरळ सरासरी १३३.४६ येते आणि पहिल्या नजरेला तीच वाटते, म्हणून वर्गमूळाची पायरी कागदावर लिहून दाखवा.