स्टीलवरून टायटॅनियमकडे येणाऱ्यांसाठी: सिक्स-फोर, बीटा ट्रान्सस आणि हीट ट्रीटमेंटचा हिशेब

पुण्याच्या आसपासच्या हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये लागणारी बहुतेक मुलं गिअर आणि शाफ्ट यांवर तयार होतात. कार्ब्युरायझिंग, हार्डनिंग, टेम्परिंग हे सगळं हातात बसलेलं असतं. मग एक दिवस टायटॅनियमचा जॉब येतो आणि तेच डोकं तिथेही चालवलं जातं: तापवा, बुडवा, कडक होईल. मीही स्टीलवरूनच आलो. गेली बरीच वर्षं टायटॅनियमच्या भट्टीवर काम करतोय. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच गोष्ट सांगतो: इथे कडकपणा पाण्यात येत नाही. बुडवल्यावर नुसती पुढची तयारी होते, ताकद येते ती एजिंगमध्ये, म्हणजे नंतर कमी तापमानावर काही तास धरल्यावर. आणि किती ताकद येणार, हे मिश्रधातूत कोणती मूलद्रव्यं किती आहेत यावर आधीच ठरलेलं असतं.

शुद्ध टायटॅनियम 882 अंशांखाली अल्फा असतं, म्हणजे षट्कोनी रचनेचं. त्यावर ते बीटा होतं, म्हणजे घनाकृती. अल्फा पूर्ण संपून सगळं बीटा होतं ते तापमान म्हणजे बीटा ट्रान्सस. अ‍ॅल्युमिनियम, ऑक्सिजन, नायट्रोजन आणि कार्बन अल्फाला धरून ठेवतात आणि ट्रान्सस वर नेतात. व्हॅनेडियम, मॉलिब्डेनम, लोह आणि क्रोमियम बीटाला धरतात आणि ट्रान्सस खाली ओढतात. कथील आणि झिर्कोनियम फारसे कुणाच्या बाजूचे नाहीत.

तीन घराणी निघतात ती यातूनच. Ti-5Al-2.5Sn मध्ये बीटा टिकवणारं जवळपास काहीच नाही, म्हणून तो अल्फा मिश्रधातू. त्याला अ‍ॅनिलिंग देता येतं, ताण काढता येतात, पण सोल्युशन ट्रीटमेंट आणि एजिंग करून ताकद वाढवता येत नाही, कारण एजिंगमध्ये बाहेर पडायला साठवून ठेवलेलं काही नसतंच. ड्रॉइंगवर असा ग्रेड आणि खाली ‘हार्डन करा’ असं दिसलं, तर भट्टी लावायच्या आधी डिझाइनवाल्यांना फोन करा.

मधलं घराणं अल्फा-बीटा. त्यातलं Ti-6Al-4V, म्हणजे आपलं सिक्स-फोर, जगात सगळ्यात जास्त चालतं आणि तुमच्या हातात पहिल्यांदा येईल ते बहुधा हेच. म्हणून त्याचाच हिशेब नीट मांडतो.

सिक्स-फोरचा ट्रान्सस साधारण 995 अंशांच्या आसपास असतो. सोल्युशन ट्रीटमेंट करतात 955 ते 970 अंशांना, म्हणजे मुद्दाम ट्रान्ससच्या थोडं खाली. तिथे काही अल्फा न विरघळता शिल्लक राहतो, त्याला प्रायमरी अल्फा म्हणतात. उरलेला बीटा. पाण्यात बुडवलं की या बीटाचं मार्टेन्साइट होतं, पण स्टीलच्या मार्टेन्साइटसारखं ते कडक नसतं. स्टीलमध्ये अडकलेला कार्बन जाळी ताणतो, इथे तसं काही अडकलेलं नाही. ताकद येते ती नंतर 480 ते 595 अंशांवर चार ते आठ तास एजिंग केल्यावर, त्या मार्टेन्साइटमधून बारीक अल्फा आणि बीटा वेगळे होतात तेव्हा. अ‍ॅनिल केलेलं सिक्स-फोर 900 ते 950 मेगापास्कलला तुटतं, बारीक सळईत हे सगळं नीट झालं तर 1100 पर्यंत जातं.

मग 955 च का, 850 का नाही? कागदावर एकदा करून बघा. मिश्रधातूत व्हॅनेडियम सरासरी 4 टक्के आहे आणि अल्फात ते ढोबळमानाने 2 टक्केच मावतं असं धरा. 955 ला निम्मा भाग बीटा असेल, तर त्या बीटात व्हॅनेडियम 6 टक्के येतं. तापमान बरंच खाली आणलं आणि बीटा पाचव्या भागाएवढाच उरला, तर त्याच बीटात 12 टक्के येतं. म्हणजे तापमान कमी केलं की बीटा थोडा होतो पण श्रीमंत होतो. इतका श्रीमंत बीटा पाण्यात बुडवल्यावर बराचसा बीटाच राहतो, मार्टेन्साइट होत नाही. गंमत अशी की 845 अंशांच्या आसपासून बुडवलेल्या सिक्स-फोरचं यील्ड सगळ्यात खाली असतं, कारण हा अर्धवट टिकलेला बीटा जरा ताण पडला की रूप बदलतो. शिवाय बीटा मुळात थोडाच, म्हणून एजिंगलाही फारसं काम उरत नाही. सोल्युशनचं तापमान म्हणजे नुसती गरम करण्याची पातळी नव्हे. किती बीटा आणि तो किती श्रीमंत, हे ठरवणारा तो नॉब आहे.

इतकं कळल्यावर कोणालाही वाटेल की मग ट्रान्ससच्या अगदी जवळ जाऊ. नेमका तिथेच घोळ होतो.

सिक्स-फोरच्या स्पेसिफिकेशनमध्ये अ‍ॅल्युमिनियम 5.5 ते 6.75 टक्के चालतं आणि ऑक्सिजन 0.20 पर्यंत. आता दोन हीट घ्या, म्हणजे वेगवेगळ्या वेळी वितळवलेले दोन लॉट. पहिलीत अ‍ॅल्युमिनियम 6.6, ऑक्सिजन 0.18. दुसरीत अ‍ॅल्युमिनियम 5.8, ऑक्सिजन 0.12. दोन्ही पास, दोन्हींच्या सर्टिफिकेटवर ग्रेड एकच. पण एक टक्का अ‍ॅल्युमिनियम ट्रान्सस सुमारे 20 अंशांनी वर नेतं आणि ऑक्सिजनचा नुसता दशांश टक्का जवळजवळ तेवढंच काम करतो. म्हणजे या दोन हीटच्या ट्रान्ससमध्ये पंचवीस ते तीस अंशांचा फरक पडला. पहिलीचा 1005 असेल तर दुसरीचा 978 च्या आसपास. भट्टी 965 वर लावली, तर पहिली ट्रान्ससपासून चाळीस अंश लांब आहे, दुसरी जेमतेम तेरा. भट्टीची एकसमानता अधिक-उणे 14 अंशांची असेल, तर दुसऱ्या हीटचे गरम कोपऱ्यातले तुकडे ट्रान्सस ओलांडून गेले.

ओलांडल्यावर काय होतं? बीटाचे कण वाढू नयेत म्हणून आजवर मध्ये उभा असलेला प्रायमरी अल्फा नाहीसा होतो आणि कण भराभर फुगतात. टेन्साइल रिपोर्टवर ताकद बरी दिसते, पण इलाँगेशन आणि रिडक्शन ऑफ एरिया कोसळतात. मायक्रोस्कोपखाली गोलसर पांढरे अल्फाचे दाणे दिसायला हवेत, तिथे मोठ्या कणांच्या सीमा आणि त्यांच्या आत नुसत्या पट्ट्या दिसतात. स्टीलवाला माणूस इथे म्हणतो, ‘नॉर्मलायझिंग करू, कण बारीक होतील.’ होत नाहीत. टायटॅनियममध्ये अल्फाच्या पट्ट्या मूळ बीटाशी ठराविक दिशेत उगवतात आणि पुन्हा तापवलं की तोच जुना बीटा परत उभा राहतो. गोलसर अल्फा परत हवा असेल तर तुकडा पुन्हा फोर्ज करावा लागतो. तयार मशीन केलेल्या पार्टच्या बाबतीत याचा अर्थ सरळ भंगार.

म्हणून सर्टिफिकेटवर हीटचा ट्रान्सस दिलेला आहे का, हे आधी बघा. नसेल तर स्वतः काढा. दहा-बारा मिलिमीटरचे तुकडे कापा. 970, 980, 990, 1000 आणि 1010 अंशांवर एकेक तुकडा अर्धा तास धरून लगेच पाण्यात टाका. थर्मोकपल तुकड्याला टेकलेलं असू द्या, भट्टीच्या मीटरवर विसंबू नका. मग तुकडा मधोमध कापून, पॉलिश करून, क्रोल रिएजंटने एच करा. ज्या तापमानाला प्रायमरी अल्फाचा शेवटचा दाणा दिसेनासा होतो, त्याच्या आणि आधीच्या पायरीच्या मध्ये ट्रान्सस आहे. सोल्युशनचं तापमान त्या आकड्यावरून ठरवायचं, पुस्तकातल्या 995 वरून नाही.

यात एक फसवणूक आहे. तुकडा हवेत तापवलेला असतो, त्यामुळे पृष्ठभागातून ऑक्सिजन आत शिरतो आणि कडेचा ट्रान्सस वर जातो. मधला भाग पूर्ण बीटा झाला तरी कडेला पांढरी अल्फाची किनार राहते. हीच अल्फा केस. ट्रान्सस वाचताना ती सोडून आतला भाग बघा. मात्र खऱ्या पार्टवर तिला सोडू नका. ती ठिसूळ असते, तिथूनच तडे सुरू होतात, म्हणून मशीनिंगने किंवा केमिकल मिलिंगने ती काढावीच लागते. सोल्युशन ट्रीटमेंटच्या आधी मशीनिंगचा अलाउन्स शिल्लक ठेवला आहे का, हे विचारायची वेळ तीच.

क्रोल रिएजंटमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. प्रमाण थोडं असलं तरी हातमोजे आणि फ्यूम हूड याशिवाय बाटली उघडू नका आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी ठेवा. या आम्लाचा चटका सुरुवातीला दुखतही नाही, पण आत उतरत जातो.

सिक्स-फोरची दुसरी मर्यादा जाडीची. भट्टीचं दार उघडल्यापासून तुकडा पाण्यात जाईपर्यंत मोजकेच सेकंद मिळतात. आणि तुकडा जाड असेल तर तुम्ही कितीही चपळाई केली तरी त्याचं पोट सावकाशच थंड होणार. तिथे मार्टेन्साइट होण्याऐवजी अल्फा जाडसर उगवतो, मग एजिंगला करायला काही उरत नाही. तेरा मिलिमीटरच्या सळईत मिळणारे 1100 मेगापास्कल 75 मिलिमीटरला 930 च्या आसपास येतात, म्हणजे अ‍ॅनिल केलेल्याइतकेच. ग्राहक 75 मिलिमीटरच्या सिक्स-फोरमध्ये 1100 मागत असेल तर भट्टीत ते सापडणार नाही. त्याला मिश्रधातू बदलायला सांगा.

बदलायचा कुठला, तर बीटाकडे झुकणारा. त्यासाठी मॉलिब्डेनम तुल्यांकाचा ढोबळ हिशेब कामाला येतो:

```
Mo(eq) = Mo + 0.67 V + 1.6 Cr + 2.9 Fe − Al
```

तुल्यांक 10 च्या आसपास गेला की थंड करताना बीटा तसाच टिकतो. सिक्स-फोरचा येतो उणे 3.3. Ti-10V-2Fe-3Al चा येतो 9.5. बोइंग 777 च्या लँडिंग गिअरमध्ये हा मिश्रधातू वापरला गेला तो याच गुणामुळे: जाड भागातही बीटा टिकून राहतो आणि एजिंगची ताकद पोटापर्यंत पोचते. Ti-15V-3Cr-3Sn-3Al चा येतो 11.85, त्याच्या पत्र्याला पाणीही लागत नाही, हवेत थंड केलं तरी बीटा राहतो. त्या मऊ अवस्थेत तो वाकवून आकार द्यायचा आणि मग 480 ते 540 अंशांवर एज करायचं.

बीटा मिश्रधातूंत जपायचं ते एजिंगचं तापमान. ताकद जास्त मिळावी म्हणून कोणी ते 400 च्या खाली उतरवलं, तर बीटामध्ये ओमेगा नावाची अतिसूक्ष्म फेज येते. ती साध्या मायक्रोस्कोपमध्ये दिसत नाही. हार्डनेस मात्र झकास येते, त्यामुळे नुसत्या हार्डनेसवर लॉट पास करणाऱ्या शॉपमध्ये ती सहज निसटते. टेन्साइल बार लावला की तो जवळपास न ताणताच तुटतो. म्हणून प्रत्येक बीटा लॉटबरोबर त्याच हीटचा, त्याच भट्टीतून गेलेला टेस्ट बार ठेवा आणि रिपोर्ट हातात आला की इलाँगेशनचा रकाना हार्डनेसच्या आधी वाचा.