बायनॉमियल की पॉयसन? या चुका टाळा

"सॅम्पल 50चं आहे ना, मग बायनॉमियलच." अंबड एमआयडीसीत क्वालिटीचं काम करताना हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता लिहूनच टाकतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दोषी नग आणि दोष यांची गल्लत. नग एकतर दोषी असतो किंवा नसतो. 50 तपासले तर फार तर 50 दोषी निघतील. हे बायनॉमियलचं काम. पण एकाच पॅनलवर डस्टचे तीन ठिपकेही असू शकतात. ठिपके मोजायला लागलात की वरची मर्यादा राहत नाही. तिथे पॉयसन.

एका पेंट शॉपमध्ये रोज 50 पॅनल तपासायचे, ठिपक्यांची सरासरी 40. नव्या मुलाने 40 भागिले 50 करून p = 0.8 धरला. √(50 × 0.8 × 0.2) म्हणजे 2.8, त्याच्या तिप्पट वर जाऊन मर्यादा आली 48. एका सकाळी 52 ठिपके निघाले. लाइन थांबली, स्प्रे गन उघडल्या, फिल्टर बदलले, अर्धी शिफ्ट गेली आणि सापडलं काहीच नाही. पॉयसनमध्ये व्हेरिअन्स सरासरीइतकाच असतो. √40 म्हणजे 6.3, मर्यादा जवळपास 59. म्हणजे 52 ही रोजचीच चढउतार. शिवाय '50 पैकी 52' हे दिसताच थांबायला हवं होतं. "टेम्प्लेट तयार होतं, सर," तो म्हणाला. तयार टेम्प्लेटवर माझा राग आहे तो यासाठीच.

माझी सवय साधी आहे. शीट उघडण्याआधी वहीत लिहितो: जे घडलं नाही, ते मोजता येतं का? चांगले नग मोजता येतात. न पडलेले ठिपके आणि न आलेले कॉल मोजता येत नाहीत.

'n मोठा, मग पॉयसन चालेल' हेही अर्धवट. p लहान हवा. 200 नग, 2 टक्के दोषी: एकही दोषी न निघण्याची शक्यता बायनॉमियलने 0.0176, पॉयसनने 0.0183. चालेल. पण 20 नग आणि 30 टक्के घेतले तर 0.0008 च्या जागी 0.0025 येतं, तिप्पट.

एक्सेलमध्ये `POISSON.DIST` च्या शेवटी `TRUE` दिलं की त्या आकड्यापर्यंतची बेरीज येते, नेमक्या त्याच आकड्याची शक्यता नव्हे.

आता सर्व्हिस डेस्कचे कॉल. इथे लोक पॉयसन बरोबर निवडतात आणि मग अख्ख्या दिवसाला तासाला 6 असा एकच दर लावतात. सकाळी दहाला 14 कॉल, दुपारी 2, कसा चालेल? त्यात सातपूरला लाइट गेली की दहा मिनिटांत वीस फोन, सगळे एकाच कारणाने. ते एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत, आणि पॉयसन तर त्याच गृहीतकावर उभं आहे.

मी एकाच तासाचे वीस दिवसांचे आकडे घेतो, सरासरी आणि व्हेरिअन्स शेजारी लिहितो. 6 ला 7 असेल तर निश्चिंत. 6 ला 19 आला तर लाइट गेलेले दिवस वेगळे काढून पुन्हा मोजतो. तरीही व्हेरिअन्स फुगलेलाच राहिला, तर पॉयसन सोडून निगेटिव्ह बायनॉमियल घेतो.