मॅच आधीच लग्न झालेला वाटतोय? मग हे असं विचारा

डेटिंग ॲपवर दोन-तीन आठवडे छान गप्पा चालल्यात, आणि मग एखादा मेसेज खटकतो. समजा पुण्यातला मुलगा आहे, प्रोफाइलवर सिंगल. मेसेज येतात सकाळी दहा ते संध्याकाळी सात, फोन नेहमी गाडीतूनच, रविवारी पूर्ण शांतता, आणि एकदा त्याने लिहिलं, ‘पोराला क्लासला सोडून आलो’, लगेच डिलीट करून ‘भाच्याला’ असं परत पाठवलं. अशा वेळी गप्प बसून मनात कुढत राहू नका आणि तिरमिरीत ‘खोटारडा’ असं टाईपही करू नका.

आधी नीट बघा की नक्की काय खटकतंय. रात्री फोन न उचलणं हा एकटा पुरावा नाही, वन बीएचकेमध्ये आईवडिलांसोबत राहणाऱ्या माणसाला हॉलमध्ये बसून काय बोलता येणार? नाइट शिफ्ट असते, रूममेट असतात. पण एकाच दिशेला बोट दाखवणाऱ्या दोन-तीन गोष्टी जमल्या, उदा. रविवार गायब, व्हिडिओ कॉलला कायम नकार, ‘तू मेसेज करू नकोस, मीच करेन’, तर मात्र विचारायलाच हवं. आणि विचारण्याआधी त्या मेसेजचे आणि प्रोफाइलचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण समोरच्याने अनमॅच केलं की बऱ्याच ॲपवर सगळं चॅटच निघून जातं आणि नंतर तुम्हालाच वाटायला लागतं की आपण उगाच संशय घेतला की काय.

विचारायचं चॅटवर किंवा फोनवर, भेटून नाही, निदान पहिल्यांदा तरी नाही. वेळ त्याच्या नेहमीच्या ऑनलाइन टायमिंगमधलीच निवडा. रात्री अकराला असा मेसेज टाकलात आणि खरंच घरी बायको असेल तर फोन तिच्या हातात पडू शकतो, तिची यात काहीच चूक नाही आणि तिला हे असं कळू नये.

मेसेजमध्ये तीनच गोष्टी हव्यात: काय दिसलं, थेट प्रश्न, आणि तुमची अट. असं काहीतरी:

‘एक विचारायचंय, राग मानू नकोस. परवा तू आधी पोराला लिहिलंस मग भाच्याला केलंस, रविवारी तू कधीच नसतोस, म्हणून मनात आलं. तुझं लग्न झालंय का, किंवा सध्या कुणासोबत आहेस का? असेल तर सरळ सांग, मी भांडणार नाही, पण मग मला पुढे बोलायचं नाही.’

‘किंवा कुणासोबत आहेस का’ हे गाळू नका, नाहीतर साखरपुडा झालेला किंवा लिव्ह-इनमध्ये असलेला माणूसही ‘लग्न नाही झालं’ म्हणून मोकळा होतो, आणि तांत्रिकदृष्ट्या तो खरंच बोलत असतो.

आता उत्तर. सिंगल माणूस बहुतेक वेळा आधी चकित होतो, मग हसून किंवा थोडं चिडून का होईना, पण सांगतो. ‘अगं भाचाच आहे, ताई डिलिव्हरीला आलीय’ म्हणेल आणि संध्याकाळी व्हिडिओ कॉलला तयार होईल. तसं झालं तर सॉरी म्हणा आणि विषय सोडा. पण प्रश्नाला हो-नाही न म्हणता ‘तुझा माझ्यावर विश्वासच नाही’ असं सुरू झालं तर एकदाच शांतपणे लिहा, ‘विश्वासाचं नंतर बोलू, आधी एवढं सांग.’ तरी टाळलं तर थांबा. तिसऱ्यांदा विचारू नका.

सगळ्यात अवघड उत्तर म्हणजे ‘आम्ही वेगळे राहतो, केस चालू आहे.’ हे खरंही असू शकतं, आणि अशा माणसाशी कठोरपणे बोलू नये असं मला मनापासून वाटतं. पण कोर्टाची डिक्री मिळेपर्यंत तो कायद्याने विवाहितच असतो. हिंदू विवाह कायद्यात संमतीने घटस्फोट घ्यायलाही साधारणपणे आधी एक वर्ष वेगळं राहावं लागतं आणि अर्जानंतर सहसा सहा महिने थांबावं लागतं, ते कोर्ट कधीकधी माफ करतं. म्हणून विचारा: केस संमतीची आहे की भांडणाची, अर्ज कधी केला, पुढची तारीख कधी. ज्याची केस शिवाजीनगरच्या फॅमिली कोर्टात खरंच चालू आहे त्याला तारखा सहसा तोंडपाठ असतात, बिचारा कंटाळलेला असतो त्यांना. ‘वकील बघतोय सगळं’ एवढंच ऐकू आलं तर केस बहुधा अजून मनातच आहे. मॅट्रिमोनी साइटवर तर घटस्फोट प्रलंबित असं लिहायची वेगळी सोय असते, तरी प्रोफाइलवर अविवाहित लिहिलं असेल तर तेही विचारा, आणि लग्नाची बोलणी करण्याआधी डिक्रीची कॉपी बघायला मागा.

लग्न झालंय असं कबूल केलं तर शेवटचा मेसेज छोटाच ठेवा: ‘सांगितलंस त्याबद्दल थँक्स, मी इथे थांबतेय.’ मग ब्लॉक करा. प्रोफाइल खोटं असेल तर ॲपवर रिपोर्ट पण करा. बायकोला शोधून मेसेज करणं किंवा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकणं टाळा, त्यातून तुमच्यावरच बदनामीची तक्रार होऊ शकते. स्क्रीनशॉट मात्र तुमच्यापाशी राहू द्या, नंतर तो दुसऱ्या नंबरवरून त्रास द्यायला लागला तर सायबर पोलिसांकडे दाखवायला तेच लागतात.