चेक-इन बॅग एक दिवस उशिरा आली तर? केबिन बॅग भरताना या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी आई आणि मी मध्ये विमान बदलून प्रवास करत होतो. पहिलंच विमान चाळीस मिनिटं उशिरा सुटलं. पुढचं विमान आम्ही धावतपळत गाठलं, पण आमची मोठी बॅग मागेच राहिली. सामानाचा पट्टा रिकामा फिरून थांबला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. माझ्या केबिन बॅगेत लॅपटॉप, कॅमेरा आणि दागिन्यांची डबी होती. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या मात्र मोठ्या बॅगेत होत्या.

चूक इथेच झाली होती. केबिन बॅग भरताना मी फक्त महाग काय आहे ते पाहिलं. चोरीपासून जपायला ते ठीक आहे, पण बॅग उशिरा आली तर त्याचा काही उपयोग नाही. म्हणून आता मी घड्याळ धरून बॅग भरते: विमानातून उतरल्यापासून दुसऱ्या दिवशी रात्री झोपेपर्यंत कधी काय लागेल? रात्रीची गोळी, झोपताना घालायचे कपडे, सकाळी दात घासायला ब्रश, दहा वाजता कामाला जाताना घालायचे बूट. असं ओळीने आठवलं की यादी आपोआप तयार होते, आणि ती लहानच असते.

औषधांच्या बाबतीत एका दिवसापुरती गोळी काढून घेणं ही दुसरी चूक. बॅग एक दिवसाने येईल असं आपण म्हणतो, पण तो दिवस लांबूही शकतो. शक्य असेल तर सगळ्या प्रवासाची औषधं जवळच ठेवा. अगदीच जागा नसेल तर निदान तीन-चार दिवसांची. गोळ्या सुट्या डबीत न भरता मूळ पाकिटातच राहू द्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत घ्या. चिठ्ठीवर औषधातल्या मूळ घटकाचं नाव लिहून घ्या, कारण कंपनीने औषधाला दिलेलं नाव दुसऱ्या देशात वेगळं असू शकतं. आम्हाला त्या रात्री हेच नडलं. आईला गोळीचं नाव पाठ होतं, पण औषधाच्या दुकानात ते कुणी ऐकलेलं नव्हतं. शेवटी घरी फोन करून जुन्या चिठ्ठीचा फोटो मागवला, तेव्हा काम झालं. इन्सुलिन तर विमानाच्या खालच्या सामानाच्या कप्प्यात कधीच देऊ नका. तिथे ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही.

कपडे घेताना बरेच जण निघण्याच्या ठिकाणची हवा पाहतात. एक पूर्ण जोड आणि आतल्या कपड्यांचे दोन संच पुरतात, पण ते जिथे उतरायचं तिथल्या हवेचे हवेत. जाड जॅकेट आणि जड बूट अंगावरच घाला, म्हणजे बॅगेत जागा उरते. दोघं एकत्र जात असाल तर एकाच्या मोठ्या बॅगेत दुसऱ्याचा एक जोड टाका. दोन्ही बॅगा एकदम अडकतीलच असं नाही.

टूथपेस्ट, क्रीम वगैरेंसाठी बहुतेक विमानतळांवर अजूनही १०० मिलीची मर्यादा आहे. ती बाटलीच्या मापाला लागते. २०० मिलीच्या बाटलीत तळाशी थोडं शिल्लक असलं तरी ती काढून घेतात.

आता सगळ्यात कमी लक्षात येणारी चूक. विमान भरलेलं असलं आणि वरचे कप्पे संपले, की दारातच केबिन बॅगही घेऊन खाली सामानात पाठवतात. मग इतकं नीट भरलेलं सगळं पुन्हा त्याच खालच्या कप्प्यात जातं. म्हणून औषधं, चिठ्ठी, पासपोर्ट, किल्ल्या, चार्जर आणि पॉवर बँक एका वेगळ्या कापडी पिशवीत घालून बॅगेत अगदी वर ठेवा. बॅग मागितली की पिशवी उचलायची आणि बॅग द्यायची. पॉवर बँक तर काढावीच लागते, कारण ती खालच्या सामानाच्या कप्प्यात चालत नाही.

बॅग आली नाही तर घाईने बाहेर पडू नका. सामानाच्या काउंटरवर पीआयआर, म्हणजे बॅग न मिळाल्याची नोंद, करून तिचा क्रमांक घ्या. तिथे चेक-इनच्या वेळी मिळालेली टॅगची चिठ्ठी, बॅगेचं वर्णन आणि तुम्ही उतरणार त्या जागेचा पत्ता विचारतात. बॅगेचा फोटो फोनमध्ये असेल तर वर्णन सोपं जातं. पत्ता मात्र कागदावरही लिहून ठेवा, कारण त्या वेळेला फोनची बॅटरी हमखास संपत आलेली असते.

त्या एका दिवसात घ्याव्या लागलेल्या गरजेच्या वस्तूंच्या पावत्या जपा. १९९९ चा माँट्रियल करार लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय प्रवासात, उशिरा आलेल्या बॅगेची लेखी तक्रार बॅग हातात आल्यापासून २१ दिवसांच्या आत करावी लागते. काउंटरवरची नोंद झाली म्हणजे भरपाईची मागणी झाली असं धरून बसू नका. पावत्या जोडून वेगळं पत्र पाठवा आणि त्यात पीआयआर क्रमांक लिहा.